द्राक्ष सल्लागाराचं यूट्यूब चॅनल: आधी प्रश्न, मग टायटल-थंबनेल, शूटिंग शेवटी

तासगाव, मिरज, कवठेमहांकाळ, पलूस या पट्ट्यात द्राक्षातले जाणकार कमी नाहीत. त्यातले बरेच जण आता चॅनल चालवतात आणि बहुतेकांची तक्रार एकच असते: माहिती खरी असते, बाग समोर असते, तरी बघणारे दोन-तीनशेच्या वर जात नाहीत. यातले व्हिडिओ पाहिले की चूक बहुधा कॅमेऱ्यात किंवा बोलण्यात सापडत नाही, कामाच्या क्रमात सापडते. आधी बागेत जाऊन शूट होतं, मग रात्री अपलोड करताना टायटल सुचेल ते टाकलं जातं आणि व्हिडिओतलीच एखादी चौकट थंबनेल म्हणून लावली जाते. लोक काय शोधतायत याचा विचार कुठेच होत नाही.

खालचा क्रम याच्या उलटा आहे. पूर्ण लेखात मी एकच उदाहरण धरलंय: तासगाव भागातला एक द्राक्ष सल्लागार, आणि त्याचा एक व्हिडिओ, ‘डाऊनी ओळखायची कशी’. डाऊनी म्हणजे द्राक्षावरचा केवडा, हा बुरशीचा रोग. भुरी हा दुसरा बुरशीचा रोग, आणि दोन्हींत गोंधळ होतो. हळद, ऊस किंवा डाळिंबवाल्यांनी पीक बदलून हाच क्रम वापरायला हरकत नाही. इथे बोलतोय ते आडव्या, मोठ्या व्हिडिओंबद्दल. उभा आणि तीन मिनिटांपर्यंतचा व्हिडिओ यूट्यूब शॉर्ट म्हणून धरतं, त्याचं गणित वेगळं.

## टप्पा 1: प्रश्नवही

सल्लागाराकडे एक साठा असतो जो बाकी कुणाकडे नसतो, तो म्हणजे त्याला येणारे फोन. छाटणीनंतर दिवसभर फोन वाजत असतो. ते सगळे प्रश्न हवेत विरून जातात. एक साधी वही करा आणि चार रकाने आखा: तारीख, छाटणीपासून कितवा दिवस, गाव, आणि शेतकऱ्याचे शब्द जसेच्या तसे.

शेवटचा रकाना सगळ्यात महत्त्वाचा. फोनवर माणूस म्हणतो, “सर, पानाच्या खालनं पांढरं आलंय, डाऊनी हाय का भुरी?” वहीत मात्र लिहिलं जातं ‘केवडा रोग निदान’. इथेच अर्धा व्हिडिओ वाया गेला. शेतकरी मोबाईलमध्ये ‘केवडा रोगाचे एकात्मिक व्यवस्थापन’ शोधत नाही. तो डोळ्यांना दिसतंय ते शोधतो, नाही तर कृषी सेवा केंद्रात जो शब्द चालतो तो शोधतो. म्हणून वहीत भाषा सुधारू नका.

‘कितवा दिवस’ हा रकाना द्राक्षासाठी मुद्दाम ठेवलाय. आपल्याकडे बागायतदार तारखेपेक्षा छाटणीपासूनच्या दिवसांत विचार करतो: पोंगा, फुलोरा, डिपिंग, थिनिंग, सगळं दिवसांवर. एक हंगाम वही भरली की कुठला प्रश्न कुठल्या दिवसांत दाटतो हे दिसायला लागतं. पुढे अपलोडची तारीख याच रकान्यावरून ठरणार आहे.

तपासणी: एकच प्रश्न वेगवेगळ्या गावांतून, वेगवेगळ्या माणसांनी विचारलाय का? एकाच ओळखीच्या बागायतदाराने पाच वेळा विचारला असेल तर तो त्याचा प्रश्न, बाजाराचा नव्हे.

## टप्पा 2: तो प्रश्न लोक यूट्यूबवर शोधतात का?

फोनवर विचारलं जाणारं सगळंच शोधलं जातं असं नाही. ‘माझ्या बागेला आज काय मारू’ हे लोक फोनवर विचारतात, मोबाईलमध्ये टाइप करत नाहीत. म्हणून वहीतला प्रश्न तीन ठिकाणी तपासायचा.

पहिलं, यूट्यूबची स्वतःची सूचना. मोबाईलवर लॉगिन न करता, म्हणजे ब्राउझरच्या गुप्त खिडकीत, यूट्यूब उघडा. स्वतःच्या खात्यातून पाहिलंत तर तुमचाच इतिहास मध्ये येईल आणि सगळं जग द्राक्षच शोधतंय असं वाटेल. शोधपट्टीत शब्द अर्धवट टाका आणि खाली काय काय सुचवलं जातं ते बघा. ‘द्राक्ष डा’, ‘द्राक्ष फवारणी’, ‘द्राक्ष छाटणी नंतर’ असं पुढे पुढे जायचं. हेच रोमन अक्षरांत पुन्हा करा, `draksh downy`, `draksh favarni`. मग इंग्रजीत, `grapes downy`. हा टप्पा बरेच जण सोडतात. आपल्या शेतकऱ्यांत देवनागरी कीबोर्ड वापरणारे आहेत, रोमनमध्ये मराठी लिहिणारे आहेत आणि माईकचं बटण दाबून बोलणारेही आहेत. कुठल्या लिपीत सूचना जास्त येतात ते वहीत लिहून ठेवा.

दुसरं, वर आलेले पहिले पाच व्हिडिओ. फक्त किती लोकांनी पाहिलं एवढंच बघून थांबू नका. व्हिडिओ कोणत्या वर्षाचा आहे, मराठी आहे की हिंदी, आणि विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर कितव्या मिनिटाला येतं, हे बघा. मग कमेंट वाचा. ‘सर फोटो जवळून दाखवा’, ‘भुरी आणि डाऊनीत फरक काय’ अशा उत्तर न मिळालेल्या कमेंट दिसल्या तर तिथे जागा रिकामी आहे. पाचही व्हिडिओ एखाद्या औषधाच्या जाहिरातीकडे वळत असतील तर जागा आणखी मोठी.

तिसरं, गूगल ट्रेंड्स. त्यात ठिकाण महाराष्ट्र, कालावधी पाच वर्षं आणि शोधाचा प्रकार `YouTube Search` निवडा. तिथला 0 ते 100 हा आकडा म्हणजे माणसं नव्हेत, तो त्या काळातल्या सर्वोच्च पातळीच्या तुलनेतला आकडा असतो. शिवाय ‘द्राक्ष डाऊनी’सारख्या बारीक शब्दाला बहुधा पुरेशी माहितीच दिसणार नाही. तेव्हा मोठा शब्द टाकून फक्त चढ-उतार कधी आहे एवढंच घ्या.

> सावधान: ट्रेंड्समध्ये काही दिसलं नाही म्हणून विषय टाकून देऊ नका. मराठीतल्या शेतीच्या बारीक शोधांचं प्रमाण या साधनासाठी लहान असतं. सूचना येते आणि फोनही येतात, एवढं जुळलं तर विषय घ्यायचा.

आपल्या उदाहरणात समजा असं दिसलं: ‘डाऊनी’ हा शब्द देवनागरी आणि रोमन दोन्हींत सुचतोय, ‘केवडा’ टाकल्यावर दुसऱ्याच पिकांचे व्हिडिओ येतायत, आणि वरच्या व्हिडिओंच्या कमेंटमध्ये भुरीशी होणारा गोंधळ वारंवार दिसतोय. विषय ठरला: डाऊनी की भुरी, हे बागेत उभं राहून ओळखायचं कसं.

## टप्पा 3: तारीख आधी, चित्रण त्याहून आधी

शेतीच्या चॅनलची सगळ्यात जास्त फसणारी जागा ही आहे. रोग दिसला की लोक शूट करतात, दोन-चार दिवसांनी एडिट होतं, आठवड्याने व्हिडिओ येतो. तोपर्यंत शोधाची लाट ओसरायला लागलेली असते. छोट्या चॅनलचा नवा व्हिडिओ यूट्यूबला समजायला, थोड्या लोकांना दाखवून बघायला वेळ लागतो. म्हणून गर्दीच्या आधी तीन-चार आठवडे व्हिडिओ वर गेलेला असावा असं माझं मत आहे.

आपल्या भागात फळछाटण्या साधारण सप्टेंबर-ऑक्टोबरात होतात, काही जण त्याआधीही छाटतात. कोवळी फूट आणि परतीचा पाऊस एकत्र आले की डाऊनीची धास्ती सुरू होते आणि फुलोरा-मणी सेटिंगपर्यंत ती जात नाही. म्हणजे फोन सप्टेंबरच्या शेवटी चालू होतात आणि ऑक्टोबर-नोव्हेंबरात दाटतात. व्हिडिओ सप्टेंबरच्या पहिल्या आठवड्यात वर हवा.

मग सप्टेंबरच्या आधी रोगट पान आणायचं कुठून? दोन वाटा आहेत. पावसाळ्यात, छाटणीआधीच्या जुन्या पानांवर डाऊनी सहज सापडते, पानावरची लक्षणं तिथे ऑगस्टमध्येच शूट करा. पण घडावरची डाऊनी तेव्हा मिळणार नाही, ती गेल्या हंगामातली असावी लागते. म्हणून चित्रांचा साठा ठेवायची सवय लावा. बागेत फेरी मारताना जे दिसेल त्याचे आडवे, स्थिर, वीस-तीस सेकंदांचे तुकडे घ्या आणि फाईलच्या नावात लक्षण, जात आणि छाटणीपासूनचा दिवस लिहा. या नोव्हेंबरात घेतलेला तुकडा पुढच्या सप्टेंबरला कामाला येतो.

तपासणी: या व्हिडिओसाठी हवी असलेली सगळी लक्षणं साठ्यात आहेत का? एखादं मिळणार नसेल तर तेवढा भाग टायटलमधूनच काढा. जे दाखवता येत नाही त्याचं वचन देऊ नका.

## टप्पा 4: टायटल

टायटल शूटिंगच्या आधी लिहायचं, कारण व्हिडिओत काय बोलायचं हे तेच ठरवतं.

बहुतेकांचं टायटल असं असतं:

```
द्राक्ष पिकावरील केवडा रोगाचे एकात्मिक व्यवस्थापन | भाग 3
```

यात शोधला जाणारा शब्द नाही. शेतकऱ्याचा प्रश्न नाही. ‘भाग 3’ लिहिल्यामुळे पहिले दोन न पाहिलेला माणूस निघून जातो. ‘एकात्मिक व्यवस्थापन’ म्हटल्यावर तर हे भाषण आहे हे आधीच कळतं.

आता वहीतला प्रश्न समोर ठेवून लिहिलेलं:

```
द्राक्ष डाऊनी की भुरी? पान उलटून असं ओळखा
```

पहिल्या दोन शब्दांत शोधाचा शब्द आला. प्रश्न शेतकऱ्याच्याच तोंडचा आहे. ‘पान उलटून’ या दोन शब्दांनी बघणाऱ्याला कळतं की इथे करून दाखवलंय.

लिहिताना एक तांत्रिक गोष्ट लक्षात ठेवा. यूट्यूब टायटलला 100 अक्षरचिन्हं देतं, पण देवनागरीत काना, मात्रा, हलन्त सगळं वेगळं मोजलं जातं. ‘द्राक्ष’ दिसायला दोन अक्षरं, मोजणीत सात. त्यातही मोबाईलवर दोन-तीन ओळींनंतर टायटल कापलं जातं. म्हणून शोधाचा शब्द आणि प्रश्न दोन्ही पहिल्या निम्म्या भागात बसवा. चॅनलचं नाव, तुमची पदवी, तालुक्याचं नाव टायटलमध्ये नको. चॅनलचं नाव तर खाली दिसतंच.

गावाचं नाव कधी घालायचं? उत्तर गावानुसार बदलत असेल तरच. ‘तासगाव बेदाणा सौदे’ असा विषय असेल तर तासगाव हवंच. डाऊनीचं लक्षण मात्र तासगावात जसं तसंच निफाडला आणि पंढरपूरला. तिथे ‘सांगली’ घातलंत तर नाशिक-सोलापूरचा बागायतदार हा व्हिडिओ आपल्यासाठी नाही असं समजून पुढे जाईल.

वर्षाचंही तसंच. ‘2025’ घातलं की पुढच्या वर्षी व्हिडिओ शिळा दिसतो. बाजारभाव किंवा योजनेच्या व्हिडिओला वर्ष ठीक. लक्षण ओळखणं वर्षागणिक बदलत नाही.

रोमन आणि इंग्रजी शब्दांची जागा टायटलमध्ये नसून खालच्या वर्णनात आहे. वर्णनाच्या पहिल्या दोन ओळींत सरळ वाक्यात लिहा की या व्हिडिओत काय आहे, आणि तिथे `grapes downy mildew`, `draksh downy` हे एकदा येऊ द्या. शब्दांची माळ लावू नका. टॅगवर वेळ घालवू नका. त्यांचं काम फारच थोडं असतं, मुख्यतः चुकीच्या स्पेलिंगपुरतं, असं यूट्यूब स्वतःच सांगतं.

> सावधान: ‘हे औषध मारा, डाऊनी 100% गायब’ असलं टायटल क्लिक आणतं. पण हंगामात त्या औषधाने एखाद्याची बाग वाचली नाही की तो तुमचं नाव गावभर सांगतो. सल्लागाराची कमाई त्याच्या शब्दावर चालते, ती क्लिकसाठी पणाला लावू नका.

## टप्पा 5: थंबनेल

थंबनेलही शूटिंगच्या आधी ठरवा, निदान कागदावर चौकट काढून. कारण त्यासाठी वेगळा फोटो लागतो. व्हिडिओतून कापलेली चौकट बहुधा अंधूक असते आणि तोंड अर्धवट उघडं असतं.

थंबनेलचं काम टायटल पुन्हा सांगणं नाही. टायटल प्रश्न विचारतंय, तर थंबनेलने पुरावा दाखवावा. आपल्या उदाहरणात चौकटीत एकाच पानाच्या दोन बाजू शेजारी शेजारी: डावीकडे वरची बाजू, पिवळसर तेलकट डाग, उजवीकडे तेच पान उलटं, त्याच जागी पांढरी बुरशी. त्यावर चारच शब्द: वर तेलकट, खाली पांढरं.

फोटो सकाळी लवकर घ्या. पानाखालची पांढरी वाढ दमट हवेत ठळक दिसते, ऊन चढलं की तीच वाळून मातकट होते. पांढरं नीट दिसत नसेल तर डाग असलेली पानं थोडी ओलसर करून प्लॅस्टिकच्या पिशवीत रात्रभर बंद ठेवा. डाऊनी असेल आणि डाग ताजे असतील तर सकाळी खालून पांढरी लव दिसते. शेतकऱ्याला हीच चाचणी व्हिडिओत शिकवता येते, म्हणजे थंबनेलचा फोटो काढता काढता व्हिडिओचा एक भागही तयार होतो. पानामागे हाताचा तळवा किंवा गडद कापड धरा, हिरव्यावर हिरवं पान हरवून जातं.

मराठी अक्षरांचा इथे मोठा घोळ होतो. इंग्रजी अक्षर लहान आकारात वाचता येतं, देवनागरीत शिरोरेषा, वेलांटी, उकार एकमेकांत घुसतात. म्हणून बारीक किंवा वळणदार अक्षर नको. `Mukta` किंवा `Baloo 2` हे फॉन्ट फुकट मिळतात, त्यातलं जाड वजन घ्या. दोन ओळी असतील तर मधलं अंतर वाढवा, नाही तर वरच्या ओळीचा उकार खालच्या ओळीच्या वेलांटीवर आदळतो. अक्षरांभोवती पांढरी-काळी-लाल अशी तिहेरी किनार लावायची पद्धत पडलीय. पानाचा डाग दिसायला हवा तिथे ती किनारच दिसते.

आकार 1280 बाय 720 ठेवा. उजवा खालचा कोपरा मोकळा सोडा, तिथे व्हिडिओची लांबी छापली जाते. स्वतःचं थंबनेल लावायला खातं फोन नंबरने पडताळलेलं असावं लागतं, ते आधीच करून घ्या.

तपासणी: थंबनेल मोबाईलवर पाठवा, गॅलरीत लहान चौकोन दिसतो त्या आकारातच बघा, हात लांब करून. डाग ओळखू येतो का? चारही शब्द वाचता येतात का? मग हीच चौकट टप्पा 2 मधल्या पाच व्हिडिओंच्या शेजारी ठेवा. बाकी सगळ्यांत फवारणीचं ब्लोअर आणि औषधाची बाटली असेल, तर नुसतं पान आपोआप उठून दिसतं.

## टप्पा 6: वचन पहिल्या अर्ध्या मिनिटात पाळा

क्लिक झालं. आता माणूस पान बघायला आलाय. आणि समोर काय येतं? चॅनलचं गाणं, “नमस्कार शेतकरी बंधूंनो”, अनुभवाची वर्षं, सबस्क्राइबची विनंती, मग द्राक्षाखालचं क्षेत्र. तो गेला.

पहिलंच दृश्य थंबनेलमधलं पान असू द्या. हातात पान, आवाज तुमचा: “ही वरची बाजू, इथे तेलकट डाग. आता पान उलटतो. त्याच डागाच्या मागे पांढरं दिसलं तर डाऊनी. राखेसारखी पावडर बोटाला लागतेय आणि वर तेलकट डाग नाही, तर भुरी. हे चुकलं तर फवारणी वाया, कारण गंधक भुरीवर चालतं, डाऊनीवर नाही.” मुख्य उत्तर दिलं म्हणून माणूस निघून जाईल अशी भीती वाटते. पण बाग ज्याची आहे तो थांबतो, कारण आता त्याला स्वतःचं पान ताडून बघायचं असतं. ओळख नंतर एका वाक्यात पुरते, आणि ती कामाची असावी: कुठल्या बागेत उभे आहात, जात कोणती, छाटणीला किती दिवस झालेत.

पुढचा भाग शंकेच्या क्रमाने लावा. वर्णनात वेळा लिहिल्या की यूट्यूब त्यांची प्रकरणं करतं. पहिली वेळ 0:00, किमान तीन नोंदी आणि प्रत्येक भाग किमान दहा सेकंदांचा, एवढ्या अटी.

```
0:00 डाऊनी की भुरी, पान उलटून बघा
1:10 पिशवीची चाचणी
3:00 कोवळ्या घडावर कशी दिसते
5:20 दोन्ही एकत्र असतील तर
7:40 सगळ्यांची होणारी चूक
9:30 फवारणीआधी काय तपासायचं
```

लांबी आधी ठरवू नका. विषय साडेदहा मिनिटांत संपला तर तिथेच थांबा.

आता सल्लागारांसाठी खास मुद्दा. यूट्यूबवर टाकलेला व्हिडिओ त्याच पत्त्यावर बदलता येत नाही. फार तर मधला तुकडा कापता येतो. शोधातून येणारा व्हिडिओ तर वर्षानुवर्षं चालतो. औषधांच्या शिफारशी मात्र बदलतात, काही औषधं बंद होतात, काढणीपूर्वीचा कालावधी बदलतो, निर्यातीच्या मालाला उर्वरित अंशाच्या मर्यादा असतात. म्हणून ओळख आणि कारणं व्हिडिओत बोला. औषधाचं नाव, मात्रा, काढणीआधी किती दिवस थांबायचं हे पिन केलेल्या कमेंटमध्ये तारखेसह लिहा. द्राक्षावर नोंदणी असलेल्याच औषधांची नावं द्या आणि मांजरीच्या राष्ट्रीय द्राक्ष संशोधन केंद्राच्या शिफारशींशी ताडून घ्या. कमेंट पुढच्या हंगामात बदलता येते, तोंडून गेलेला डोस नाही.

## टप्पा 7: आकडे वाचायचा क्रम

अपलोड झाल्यावर व्हॉट्सॲप ग्रुपवर लिंक टाकायला हरकत नाही. पण तिथून आलेली क्लिक थंबनेलच्या टक्केवारीत धरली जात नाही, कारण ती यूट्यूबवर दिसलेल्या थंबनेलवर झालेली नसते. नातेवाईक आणि मित्रांच्या ग्रुपवर टाकू नका. त्यातले बरेच जण वीस सेकंदांत निघतात आणि त्याने चित्र गढूळ होतं.

पहिले दोन आठवडे हात लावू नका. मग स्टुडिओत त्या व्हिडिओचे आकडे या क्रमाने बघा.

अ. लोक आले कुठून. `Reach` टॅबमध्ये `YouTube search` वर टिचकी मारली की नेमके कोणते शब्द टाकून लोक आले ते दिसतं. हे सगळ्यात मोलाचं पान आहे, कारण टप्पा 2 मधला अंदाज खरा होता की नाही ते इथे कळतं. अपेक्षेबाहेरचा शब्द दिसला, समजा ‘द्राक्ष घड कुज’, तर तो वहीत लिहा. तो पुढचा व्हिडिओ आहे.

आ. थंबनेल किती वेळा दिसलं आणि किती टक्के लोकांनी दाबलं. यूट्यूबच्याच सांगण्यानुसार निम्म्या चॅनल आणि व्हिडिओंची ही टक्केवारी 2 ते 10 च्या दरम्यान असते. पण सर्चमधली टक्केवारी आणि होम पानावरची टक्केवारी एकत्र मोजू नका. सर्चमधला माणूस तेच शोधत आलेला असतो. होमवर व्हिडिओ अनोळखी लोकांना दिसतो, तिथे टक्केवारी खाली येणारच. व्हिडिओ पसरायला लागला की एकूण टक्केवारी घसरते, आणि घाबरून लोक चालत्या व्हिडिओचं थंबनेल बदलतात.

इ. तिसाव्या सेकंदाला किती जण उरले. आलेख सुरुवातीलाच कोसळत असेल तर दोष थंबनेलचा नाही, वचन आणि सुरुवात जुळलेली नाही.

तिन्ही एकत्र ठेवले की निदान होतं. समजा थंबनेल भरपूर वेळा दिसतंय पण दाबत कुणी नाही: थंबनेल बदला. दिसतच नाही, पण दिसलं त्यांनी दाबलंय आणि टिकलेत: शोध लहान आहे किंवा हंगाम आलेला नाही, वाट बघा. दाबतात आणि लगेच जातात: हा व्हिडिओ दुरुस्त होणार नाही, पुढच्याची सुरुवात सुधारा.

बदल एका वेळी एकच करा आणि तारीख वहीत लिहा. आधी थंबनेल. टायटल बदलायची वेळ आली तरी ज्या शब्दाने सर्चमधून लोक येतायत तो शब्द काढू नका. संगणकावरच्या स्टुडिओत तीनपर्यंत थंबनेलची तुलना लावायची सोयही आहे. तिचा निकाल क्लिकवर न ठरता पाहिलेल्या वेळेवर ठरतो, हे चांगलं आहे. पण लहान चॅनलवर पुरेशी माणसं येत नाहीत आणि निकाल अनिर्णित राहतो, मग त्यातून ओढूनताणून अर्थ काढू नका.

> सावधान: मे महिन्यात डाऊनीच्या व्हिडिओचे आकडे पडले म्हणून तो काढून टाकू नका. तुलना गेल्या महिन्याशी नको. गेल्या हंगामातल्या त्याच आठवड्याशी करा.

## टप्पा 8: सर्चमधून आलेला माणूस पुढे न्यायचा

फक्त सर्चवर चालणाऱ्या चॅनलची मर्यादा लवकर येते. माणूस उत्तर घेतो आणि जातो, आणि मराठीत द्राक्षावर शोध घेणारे शेवटी किती असणार. सर्च दार उघडून देतं. वाढ होते ती तोच माणूस दुसरा, तिसरा व्हिडिओ पाहतो तेव्हा, कारण मग यूट्यूब तुमचे व्हिडिओ त्याच्या होम पानावर दाखवायला लागतं.

इथे द्राक्षवाल्यांचं काम सोपं आहे, कारण बागेचं वेळापत्रकच पुढचा प्रश्न सांगतं. डाऊनी ओळखून झाल्यावर त्याच बागायतदाराला पुढच्या आठवड्यात काय सतावणार, हे वहीतल्या ‘कितवा दिवस’ रकान्यात आहे: पाऊस लागल्यावर फवारणीचं अंतर, फुलोऱ्यातली गळ, मग डिपिंग. व्हिडिओच्या शेवटच्या वीस सेकंदांत त्याच एका पुढच्या व्हिडिओची चौकट लावा आणि तोंडाने सांगा: “फुलोरा सुरू झाला असेल तर पुढचा हा बघा.” चार चौकटी लावता येतात म्हणून चारही लावू नका. प्लेलिस्टही विषयांनुसार न करता छाटणीच्या टप्प्यांनुसार करा, ‘फळछाटणी ते फुलोरा’, ‘फुलोरा ते पाणी उतरणं’, ‘खरड छाटणी ते काडी पक्व होणं’.

किती व्हिडिओ टाकायचे? दोन छाटण्यांच्या मिळून सहा-सहा प्रश्नांवर नीट केलेले बारा व्हिडिओ एका वर्षाला पुरतात, असं मला वाटतं. रोज बागेतून बोलणारा व्हिडिओ तुमच्या जुन्या शेतकऱ्यांसाठी ठीक, पण त्याला शोधून कुणी येत नाही.

खरड छाटणीच्या व्हिडिओंची गर्दी एप्रिलमध्ये असते, म्हणजे ते मार्चच्या सुरुवातीला वर हवेत, आणि त्यांची टायटलं माल काढणीच्या धांदलीआधी, जानेवारीतच लिहून ठेवावी लागतात. डाऊनीच्या व्हिडिओची पिन कमेंट ऑगस्टच्या शेवटी उघडा, औषधांची नावं आणि काढणीपूर्व दिवस नव्याने तपासा, वरची तारीख बदला. आणि ‘घड कुज’ शोधत आलेले किती होते ते बघून घ्या, त्याचे तुकडे यंदाच्या फुलोऱ्यात घ्यायचे आहेत.